दुसऱ्या टोकाचा आकडा

साहेबांना लाल रंग चालत नाही. आमच्या खोलीच्या भिंतीवर एक मोठा पडदा आहे. रुग्णालयातल्या प्रत्येक जोडणीचा त्यावर एक चौकोन असतो. सगळे चौकोन हिरवे असले की साहेब निवांत चहा पितात. एखादा लाल झाला की मान वाकडी करून बघतात, दातात अडकलेलं काहीतरी जिभेने ओढून काढतात आणि म्हणतात, "हे काय ते बघा आणि घालवा." घालवा म्हणजे दुरुस्त करा, असं मी बरेच दिवस समजत होते.

माझं काम नेटवर्कवर लक्ष ठेवायचं. काम साधं आहे. इमारतीत ठिकठिकाणी स्विच, म्हणजे संगणकांच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेट्या, बसवलेले असतात. आमचा सर्व्हर एसएनएमपीने, म्हणजे यंत्रांच्या ठरलेल्या प्रश्नोत्तरांच्या भाषेत, दर पाच मिनिटांनी त्या प्रत्येकाला विचारतो, तुझ्या या दारातून आजवर किती माल, म्हणजे माहितीचे तुकडे, आत आला, किती बाहेर गेला, आणि आत आलेल्यांपैकी किती तुकडे खराब निघाले. स्विच फक्त एकूण आकडा सांगतो, विजेच्या मीटरसारखा. मागचं वाचन वजा करायचं, वेळेने भागायचं, झाला आलेखावरचा एक ठिपका. ठिपके जोडत गेलं की रेष होते. ती रेष रोज बघायची सवय असली तर माणसं तक्रार घेऊन येण्याआधी दुखणं कळतं. बाह्यरुग्ण विभागाची जोडणी दुपारपर्यंत काठोकाठ भरायला लागली होती ते मला असंच आलेखावरून दिसलं होतं. तिथला कारकून फोन करायच्या आत आम्ही तिला जोड दिली. त्याला आजही माहीत नाही की त्याचं काही बिघडणार होतं. या कामात शाबासकी नसते, कारण काही घडतच नाही. मला ते आवडतं.

पण हे वन्संचं सांगते आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. रस्त्यापलीकडच्या तपासणी इमारतीत त्या एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढतात. त्यांचा नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहतात. नोकरी दरवर्षी नव्या कराराची, आणि वय असं की दुसरं कुणी घेणार नाही. हे त्या स्वतःच सांगतात, एखाद्या रुग्णाचं वजन सांगावं तसं. घरात त्यांचा शब्द चालतो, पण आवाज कधी चढत नाही. हात इतके धुतात की बोटांच्या पेरांना बारीक चिरा पडल्या आहेत.

त्या संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या ताटाशेजारी एक कागद ठेवला आणि भाजी वाढून घेतली. माझ्या नवऱ्याने वाचला आणि माझ्याकडे सरकवला. दुसरी ताकीद होती. मुख्य इमारतीतल्या डॉक्टरांना प्रतिमा उशिरा मिळतात, तपासणीची वेळ आणि प्रतिमा पोचल्याची वेळ यांत फार अंतर आहे, सबब तंत्रज्ञ कामात हयगय करत आहेत. डोक्याला मार लागलेल्या एका बाईचा स्कॅन पाऊण तास उशिरा पोचला होता. ती वाचली, पण ते नशीब. पुढच्या आठवड्यात अधीक्षक बाईंसमोर सुनावणी. ठपका कायम झाला तर करार संपणार.

"तू पाठवायला विसरलीस का गं कधी?" नवऱ्याने विचारलं. त्याला बहिणीची बाजूच घ्यायची होती, पण प्रश्न उलटा निघाला.

वन्संनी घास संपवला. म्हणाल्या, रुग्ण टेबलावरून उतरायच्या आत मी पाठव म्हणते. खूण उमटते. खूण म्हणजे प्रतिमा रांगेत गेली. पुढे ती कुठल्या रांगेत उभी राहते ते मला काय ठाऊक. मी दुसऱ्या माणसाला टेबलावर घेते.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ते तुमच्या खात्याला विचारायला हवं ना? की तुमचं सगळं हिरवंच असतं?"

टोमणा होता, आणि बसला.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्यापलीकडच्या जोडणीचा आलेख काढला. ती एक फायबर आहे, रस्त्याखालून गेलेली. उजेडातून माहिती नेणारे काचेचे दोन धागे, एक जायचा, एक यायचा. चौकोन हिरवागार. वापर शंभरात आठ. साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांना नखं कापायची वेळ आणि जागा कळत नाही. माझ्या खुर्चीच्या पाठीशी टक् टक् चाललं होतं. म्हणाले, बघा, हमरस्ता मोकळा पडलाय, बैलगाडीसुद्धा नाही. तुमच्या नणंदेने जरा हात चालवायला हवा. एक कातरलेलं नख माझ्या टेबलावर येऊन पडलं. मी ते कागदाने उचललं आणि कागदासकट टोपलीत टाकलं.

आठ टक्के मला खटकले. पाच मिनिटांची सरासरी लहान उसळ्या गिळते, म्हणून आधी मी दर अर्ध्या मिनिटाला विचारून पाहिलं. जोडणी क्षणभर तरी तुडुंब भरते का ते बघायचं होतं. नाही भरत. मग मागच्या वर्षीचा याच महिन्यातला आलेख शेजारी ठेवला. तेव्हा सकाळच्या कामाच्या वेळी रेष दणकून वर चढत होती, डोंगरासारखी, आणि दुपारी उतरत होती. आता त्याच वेळेला टेकडीसुद्धा नव्हती. रुग्ण तर वाढलेत. प्रत्येक रुग्णामागे प्रतिमा वाढल्यात. मग माल कमी कसा?

तुकडे वाटेत खराब झाले तर घेणारा ते मुकाट्याने फेकून देतो. पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही. तो पुन्हा पाठवतो, आणि वाटेत गर्दी आहे असं समजून आपला वेग कमी करतो. पुन्हा खराब, पुन्हा कमी. शेवटी तो पावलापावलाने चालायला लागतो, आणि आलेखावर रस्ता मोकळा दिसतो. ज्या आठ टक्क्यांवर साहेब खूश होते तेच दुखणं होतं. आजारी माणूस जेवत नाही म्हणून घरात धान्य उरलंय असं म्हणण्यातला प्रकार.

पण खराब तुकड्यांची रेष शून्यावर होती. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कुठल्या टोकाचा आलेख बघते आहे. आमचा पडदा ही जोडणी तपासणी इमारतीच्या स्विचकडून मोजत होता. प्रतिमा तिथून निघतात. निघताना त्या धडधाकट असतात. खराब झालेला तुकडा दिसतो तो घेणाऱ्याला, म्हणजे मुख्य इमारतीतल्या मोठ्या स्विचला. त्याच्या दारावरचा चुकांचा आकडा मोजायला हवा होता, आणि तो पडद्यावर नव्हता.

मी साहेबांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. तीच सगळ्यात किळसवाणी गोष्ट.

"तो मीच बंद केलाय," ते म्हणाले. "सारखा लाल व्हायचा. मासिक अहवालात विश्वस्तांना दिसतं, मग प्रश्न विचारतात. पिंग जातंय ना? मग झालं तर."

मी विचारलं, केव्हा बंद केलात. म्हणाले, असतील झाले चार-पाच महिने. वन्संना पहिली ताकीद त्यानंतर आली होती. म्हणजे स्विच ओरडून सांगत होता, कुणाचीही तक्रार येण्याआधी, अगदी पुस्तकात लिहितात तसं, आणि यांनी त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता. मग तक्रार आली तेव्हा एका बाईवर ढकलली.

पिंग जात होतं हे खरं. पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला 'आहेस का' अशी नुसती हाक; तिचे तुकडे चिमुकले असतात. वाटेवर अधूनमधून माहितीचा एखादा कण बिघडत असेल तर लहान तुकडा बहुतेक वेळा सुखरूप निसटतो. मोठा सापडतो. आणि एक्स-रेच्या प्रतिमेचे सगळे तुकडे मोठे, काठोकाठ भरलेले. उलट दिशेचा धागा ठणठणीत होता, म्हणून तपासणी इमारतीत बसून नुसतं बघणाऱ्या, वाचणाऱ्या कुणालाच त्रास नव्हता. त्रास फक्त तिथून मोठं काही पाठवणाऱ्याला, म्हणजे वन्संना. हे सगळं मी साहेबांना सांगितलं. ते ऐकत होते तेव्हा काडीपेटीतली एक काडी त्यांच्या दातांत होती. सांगून झाल्यावर त्यांनी काडीचं टोक निरखून पाहिलं आणि ते म्हणाले की, सुनावणी होऊ दे, मग बघू.

मी चौकोन पुन्हा चालू केला. तो लाल झाला. दुपारी जेवून आले तर बंद होता.

मग मी माझ्या टेबलावरच्या संगणकावर वेगळा आलेख सुरू केला. यात चोरटं काही नाही. स्विचला विचारणं हेच माझं काम, आणि किती वेळा विचारावं याला बंदी नाही. मोठ्या स्विचचं ते एक दार आणि दोन आकडे, आत आलेले चांगले तुकडे आणि आत आलेले खराब तुकडे. दोन्ही एकाच मापावर काढले असते तर खराबांची रेष तळाला चिकटून बसली असती, लाखांपुढे हजार कुठे दिसणार. म्हणून खराबांना वेगळं माप दिलं. सकाळी वन्सं यंत्र सुरू करत आणि रेष उठे. त्या जेवायला जात, रेष बसे. शंभर मोठ्या तुकड्यांत तीन-चार खराब. कागदावर हा आकडा लहान दिसतो. जेवणात शंभर तांदळांत तीन-चार खडे निघाले तर कुणी तो भात खाईल का?

त्या आठवड्यात वन्सं एकदा मला म्हणाल्या की पाठव दाबलं की त्या आता मनात मोजतात. मोजताना पुढच्या रुग्णाचं नाव चुकतं. आणखी एकदा, भांडी विसळताना, पाठ माझ्याकडे करून त्यांनी विचारलं, "खरंच मी विसरत नसेन ना गं? इतके जण म्हणतात."

मी म्हटलं, नाही वन्सं. त्यांनी मान हलवली, पण विश्वास नव्हता. मला साहेबांचं टेबलावर पडलेलं नख आठवलं आणि समोरचं अर्धं ताट दूर सरकवावंसं वाटलं.

दुखणं कुठे आहे ते शोधायला हवं होतं. मोठ्या स्विचच्या टोकाची फायबरची टोपणं, म्हणजे धागा स्विचमध्ये बसतो ती तोंडं, मी आणि वायरमन मामांनी साफ केली. फरक पडला नाही. मामा वयाने मोठे, अंगाने आडवे, आणि सगळ्या जगाचे मामा. त्यांच्या भाषेत प्रत्येक बिघाड म्हणजे सासुरवास असतो. राहिलं पलीकडचं टोक. ते उघडायला जोडणी थोडा वेळ बंद करावी लागणार होती आणि साहेब सही देत नव्हते. म्हणून सुनावणीच्या आदल्या दिवशी मी क्ष-किरण विभागाच्या प्रमुख डॉक्टरांकडे गेले आणि बंद केलेल्या चौकोनासकट सगळं सांगितलं. जोडणी त्यांच्या विभागाची. ते म्हणाले, यंत्राची जेवणाची सुट्टी असते तेव्हा करा, आणि मला कळवा. इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर मी क्षणभर तिथेच उभी राहिले.

ती खोली तळमजल्यावर जिन्याखाली आहे. दारावर नेटवर्क असं लिहिलेलं आहे, पण किल्ली सफाईच्या मुकादमाकडे. त्याने दार उघडलं आणि मागे सरकला. मामांनी आधी रुमाल नाकावर धरला, मग खिशात ठेवला. रुमालाने काही होणार नव्हतं.

आत मळक्या चादरींचे बोचके छतापर्यंत रचलेले. धुलाईला जायचे, केव्हातरी. खालचे ओले होते आणि त्यातून पिवळसर पाणी जमिनीवर येऊन वाळलं होतं, कडेला काळं. पुसण्याच्या बादल्या. फडक्यांना आलेली बुरशी. आमचं कपाट मागच्या भिंतीला होतं. त्याचं दार बिजागरीतून निघालेलं आणि आत, स्विचच्या वर, कुणीतरी जेवणाचा डबा ऊब मिळावी म्हणून ठेवत असणार, कारण तिथे तेलाचे गोल डाग होते, एकावर एक. एक डबा विसरलेला होता. मामांनी झाकण उचललं आणि लगेच ठेवलं. झुरळं पळाली. ती उजेडाला घाबरून पळाली नाहीत, सावकाश गेली, आपल्या घरात असल्यासारखी. स्विचच्या पंख्यात केसांची आणि धुळीची जाड वळी अडकली होती. उंदरांच्या लेंड्या तारांवर वाळून चिकटल्या होत्या.

फायबरची पिवळी दोरी कपाटातून खाली आली होती आणि एका भरल्या बादलीच्या बुडाखालून वळून पुन्हा वर गेली होती. काचेचा धागा असा मुडपला की उजेड वळणावर बाहेर सांडतो. मामांनी बादली उचलली. त्यातल्या पाण्याला साय आली होती.

"सासुरवास म्हणजे सासुरवास," मामा म्हणाले.

एवढ्यावर संपलं नाही. बाहेर जाणाऱ्या धाग्याचं टोपण पूर्ण बसलेलंच नव्हतं. कुणीतरी डबा ठेवताना ओढलं असेल. मी ते काढलं आणि तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. केसाहून बारीक काचेचं ते तोंड स्वच्छ असतं तेव्हा शांत राखाडी गोल दिसतो. इथे तेलाचा तवंग होता, त्यात धूळ बसलेली, आणि मधोमध, जिथून उजेड जातो नेमक्या तिथे, एक चिकट चट्टा. डोळ्यात पू भरल्यावर दिसतं तसं. गेले कित्येक महिने मार लागलेल्या डोक्यांची आणि मोडलेल्या हाडांची चित्रं या घाणीतून ढकलली जात होती. मी भिंतीला हात टेकणार होते, तो मागे घेतला.

मामांनी साफ करायची फीत काढली आणि थांबले. त्यांना सगळं माहीत होतं, रुग्णालयात कुणाला माहीत नसतं. म्हणाले, "ताई, आत्ता साफ केलं की उद्या सगळं नीट चालणार. मग ते म्हणतील, काही बिघडलंच नव्हतं. सुनावणी होईपर्यंत ठेवायचं का असंच?"

तो प्रश्न माझ्याही मनात दारातून आत शिरतानाच आला होता. मी नाही म्हणेपर्यंत फार वेळ गेला नाही, पण गेला. वर टेबलावर उद्या सकाळी कोण झोपणार आहे ते मला माहीत नव्हतं, आणि वन्संची नोकरी त्याच्या डोक्याच्या चित्रापेक्षा मोठी करायला मला त्या खोलीत उभं राहून जमेना. त्या खोलीत ज्याने ज्याने हे नंतर बघू म्हटलं होतं, त्या सगळ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं.

मी फीत फिरवली. पुन्हा बघितलं, पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा गोल राखाडी झाला. बादलीखालची दोरी कापून टाकली, नवी लावली, टोपण टक् आवाज येईपर्यंत दाबलं. रस्ता ओलांडून आमच्या खोलीवर आल्यावर वन्संची पहिली प्रतिमा गेली आणि माझ्या आलेखावर चांगल्या तुकड्यांची रेष उभ्या कड्यासारखी चढली. खराबांची हलली नाही. मी घरी जाऊन कपडे बादलीत भिजवले, दोनदा आंघोळ केली, तरी वास गेला नाही. नवरा म्हणाला, मला तर येत नाही वास. मी म्हटलं, मला येतोय.

सुनावणी अधीक्षक बाईंच्या दालनात होती. अधीक्षक बाई, क्ष-किरण विभागाचे डॉक्टर, साहेब, वन्सं, आणि साहेबांनी पडदा जोडायला बोलावलं म्हणून मी. वन्संनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि हात मांडीवर असे ठेवले होते की पेरांच्या चिरा दिसू नयेत.

साहेब तयारीने आले होते. मी आदल्या दिवशी दुरुस्ती केल्याचं त्यांना विभागाच्या डॉक्टरांकडून कळलं होतं, आणि चौकोन आपणच बंद केला हे बाहेर येईल अशी त्यांना भीती होती हेही उघड होतं. त्यांनी मोठ्या स्विचची खिडकी भिंतीवर उघडली, स्वतःच्या हाताने आज्ञा टाइप केली, दोन बोटांनी, आणि ते दार सर्वांना दाखवलं. आत आलेल्या चुका, शून्य. ओलसर ओठ पुसत म्हणाले, बाई, स्विच खोटं बोलत नाही. हा आकडा महिनोन्महिने साठत जातो. जोडणीत दोष असता तर इथे लाखात आकडा दिसला असता. इथे शून्य आहे. तंत्रज्ञ बाईंविषयी मला वैयक्तिक आकस नाही, घरचंच माणूस आहे आमच्या खात्याचं. हे म्हणताना ते माझ्याकडे बघून हसले.

मी भिंतीकडे बघत होते. त्या शून्याच्या बऱ्याच वर, कुणी वाचत नाही अशा जागी, स्विच स्वतःच आणखी एक ओळ लिहितो. साहेबांनी ती वाचली नव्हती. किती वर्षांत त्यांनी ही खिडकी उघडली नसेल कोण जाणे.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. कालपासून मी त्यांना सगळं नीट होईल म्हणत होते, आणि भिंतीवर शून्य होतं.

"बाई, वरून सातवी ओळ वाचता का?" मी अधीक्षक बाईंना विचारलं.

त्यांनी चष्मा लावला. ओळ इंग्रजीत होती. त्यांनी ती मनात वाचली आणि मग मराठीत सांगितली, थांबत थांबत. "हे आकडे शेवटचे पुसल्याला बावन्न मिनिटं झाली."

साहेबांनी ती ओळ पहिल्यांदाच वाचली.

मग मी माझा आलेख लावला. सांगितलं की स्विचच्या खिडकीत दिसणारे आकडे आज्ञा देऊन शून्यावर आणता येतात. ते फक्त त्या खिडकीपुरतं असतं. एसएनएमपीने विचारलं तर स्विच पहिल्यापासूनचा मूळ आकडा सांगतो, त्या पुसण्याचा त्यावर काही परिणाम होत नाही. आणि तिथेच, सर्वांसमोर, विचारून दाखवलं. उत्तर आलं. सात आकडी संख्या होती. बाईंनी ती दोनदा मोजली, बोट हवेत धरून, एकं दहं शतं करत. आलेखावर आठवडाभराच्या चुका होत्या, रोज कामाच्या वेळी उठलेल्या, आणि काल जेवणाच्या सुट्टीनंतर एकदम सपाट.

साहेब म्हणाले, नेहमीची साफसफाई म्हणून पुसले, त्यात विशेष काय. बाईंनी विचारलं, आजच? त्यांनी सांगितलं की योगायोग. मग विभागाचे डॉक्टर, जे इतका वेळ पेनाशी खेळत होते, म्हणाले की चूक मोजणारा चौकोन पडद्यावरून कुणी काढला ते विचारा. साहेबांनी तेही कबूल केलं, पण त्याला त्यांनी दृश्य सुसूत्रता म्हटलं.

मला वाटलं होतं बाई रागावतील. त्या नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. त्यांनी वन्संची ताकीद मागे घेतली, दोन्ही, तिथल्या तिथे, आणि करार पुढे चालू राहील असं म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या आणि म्हणाल्या की हे खात्याबाहेर जायचं कारण नाही, पुढच्या आठवड्यात विश्वस्तांची भेट आहे. साहेबांनी मान डोलावली. दोघांच्या चेहऱ्यावर एकच सुटका होती. मला जिन्याखालच्या खोलीतला विसरलेला डबा आठवला. मामांनी झाकण परत ठेवलं होतं तसंच हे.

डोक्याला मार लागलेल्या बाईचं कुणी नावही काढलं नाही. मी काढलं. म्हटलं, त्यांच्या घरच्यांना कारण कळायला हवं. बाईंनी मला मोघम पाहू म्हटलं आणि फोन उचलला. विभागाचे डॉक्टर उठता उठता म्हणाले, मी कळवतो. माझ्या अहवालात लिहितो. त्यांनी लिहिलं, हे मी नंतर पाहिलं.

खोलीवर परत आले तर साहेब आधीच येऊन बसले होते. चौकोन मी सकाळीच चालू केला होता आणि माझी आठवडाभराची मोजणी त्याला जोडली होती. तो आता हिरवा होता, पण मागच्या आठवड्याची लाल पट्टी त्याच्या खाली दिसत होती आणि महिनाअखेरच्या अहवालात छापली जाणार होती. साहेब तिच्याकडे बघत होते. जणू काही झालंच नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तो रंग बदलता येतो का? केशरी वगैरे?"

"येतो," मी म्हटलं आणि माझ्या जागेवर बसले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग नखं कापायचं यंत्र काढलं, आणि काय वाटलं कोण जाणे, परत खिशात ठेवलं.

संध्याकाळी वन्संनी आलेख बघायला मागितला. मी जेवणाच्या टेबलावर उघडून दिला. त्यांनी तो एक्स-रे बघतात तसा बघितला, आधी लांबून, मग डोळ्यांजवळ, कडेपासून कडेपर्यंत. नवरा समजावून सांगायला लागला तर हाताने थांबवलं. एका सकाळच्या उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हा त्या शाळकरी पोराचा मणका. त्या दिवशी मी तीनदा पाठवला होता. पुढच्यावर बोट ठेवलं. ही ती खूप बोलणारी आजी. हे दोन जुळे अपघाताचे. एकेक रुग्ण त्यांनी ओळखून काढला. एकही विसरल्या नव्हत्या.

शेवटी बोट सपाट भागावर आलं तेव्हा त्यांनी विचारलं, हे कुठलं, आणि मी त्यांना त्या खोलीचं सांगितलं, बोचके, बादली, डबा, काचेच्या तोंडावरचा चट्टा. मध्येच त्यांनी ताट बाजूला सारलं.

"आणि हे सगळं माझ्या पायाखाली होतं," त्या म्हणाल्या. "दोन मजले खाली."

मग उठल्या, नळ सोडला आणि हात धुवायला लागल्या. बराच वेळ धूत होत्या. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि त्यांनी साबण माझ्याकडे सरकवला.